अझोला: खड्डा भरून ठेवू नका, बांधीत तरंगत ठेवू नका

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती; जनावराला चारा आणि धानाला खत म्हणून वाढवतात. पूर्व विदर्भात रोवणी साधारण जुलैत येते. बांधीत अझोला सोडायचा असेल तर खड्डा पऱ्हे टाकण्याआधीच झाला पाहिजे. पऱ्हे टाकून झाल्यावर आठवण झाली, तर गाय खाईल पण धानाला काही मिळणार नाही.

खड्डा असा:
- २ मीटर × २ मीटर, खोली २० सें.मी., झाडाच्या विरळ सावलीत. आत जाड ताडपत्री
- चाळलेली माती १० ते १५ किलो
- २ किलो शेण व ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून
- पाणी १० सें.मी.; वर अर्धा ते एक किलो जिवंत अझोला बियाणे म्हणून
- दर ५ दिवसांनी १ किलो शेण, २० ग्रॅम सुपर
- दर १० दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. महिन्याला ५ किलो माती बदला

बियाणे कृषी विज्ञान केंद्रातून किंवा शेजाऱ्याच्या खड्ड्यातून आणा. दुकानात त्याच्यासोबत ‘वाढीचं टॉनिक’ गळ्यात मारतात, ते घेऊ नका. शेण आणि सुपर पुरतं.

एवढं सगळे नीट करतात. चुकतं ते पुढे. दहा-पंधरा दिवसांत खड्डा हिरवागार भरतो, बघायला छान वाटतो आणि माणूस त्याला हात लावत नाही. मागच्या पावसाळ्यात एका गावात असाच खड्डा पाहिला. घरी लग्न होतं, आठ दिवस काढणी झाली नव्हती. वरून हिरवा दिसत होता. हात घातला तर खालचा थर तपकिरी, बुळबुळीत आणि नाकाला झोंबणारा वास. थरावर थर चढला की खालच्याला उजेड मिळत नाही, तो सडतो आणि वरच्यालाही घेऊन जातो. म्हणून खड्डा भरल्यावर रोज ५०० ते ६०० ग्रॅम काढायचाच, जनावराला नको असला तरी. माझी खूण साधी आहे: ओंजळभर काढल्यावर मोकळं पाणी दिसलं आणि आजूबाजूचा अझोला हळूहळू सरकून आला तर ठीक. भोक तसंच राहिलं, कडा उभ्या राहिल्या, तर काढणीला उशीर झाला.

पानं लाल पडली तर ऊन जास्त किंवा स्फुरद कमी. सावलीकडची बाजूही लाल असेल तर मी सुपर कमी पडलं असं धरतो. जाळी करणारी अळी दिसली तर तो भाग काढून फेका. चाऱ्याच्या खड्ड्यात कीटकनाशक अजिबात नको.

एका जनावराला रोज दीड ते दोन किलोपर्यंत चालतो, एका खड्ड्यातून तेवढा निघत नाही; निघेल तो शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, आंबोणात मिसळून द्या. पण ढेप बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अझोल्यात शंभरात ९४-९५ भाग पाणीच असतं. दोन किलोत सुका माल शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यात प्रथिनं फार तर पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढी सरकीच्या शे-सव्वाशे ग्रॅम ढेपेत मिळतात. ढेप तेवढीच कमी करा.

आता धान. दहा गुंठ्यांच्या बांधीला ५० किलो अझोला लागतो, तो रोजच्या अर्ध्या किलोतून साठवता येत नाही. त्यासाठी शेताच्या कोपऱ्यात २० × २ मीटरचा वाफा चिखलणी करून १० सें.मी. पाण्याने भरा. १० किलो शेण कालवून टाका, ८ किलो अझोला सोडा आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या दिवशी १०० ग्रॅम सुपर द्या. पंधरा दिवसांत ४० ते ५५ किलो निघतो. सुरुवातीचे आठ किलो एका खड्ड्यातून निघत नाहीत, म्हणून खड्डे दोन करा. रोवणीनंतर ७ ते १० दिवसांनी, बांधीत ५ सें.मी. पाणी असताना पसरा.

आणि इथे तीच चूक पुन्हा होते. बांधी हिरवी झाली की ‘खत झालं’ म्हणून लोक निघून जातात. जिवंत अझोल्यातलं नत्र त्याच्या अंगातच असतं. वर तरंगून तो तण दाबतो, युरियाचं उडून जाणंही थोडं कमी करतो, पण धानाच्या मुळाला नत्र तो कुजल्यावरच मिळतं. वीस-पंचवीस दिवसांनी, पहिल्या निंदणीला, पाणी सोडून द्या आणि कोनोवीडरने किंवा पायाने तुडवून चिखलात गाडा. थोडा कडेला शिल्लक ठेवला तर पाणी भरल्यावर पुन्हा वाढतो.

गाडलेल्या अझोल्यातून हेक्टरी २५-३० किलो नत्र धरतात. दहा गुंठ्यांत ते अडीच-तीन किलो होतं, म्हणजे साडेपाच-साडेसहा किलो युरिया; तेवढा कमी टाकता येतो. गाडलाच नसेल तर युरिया कमी करू नका, धान पिवळं पडेल.

पावसाची झड लागण्याआधी खड्ड्याच्या काठाला पाणी जायला वाट पाडून तिथे जाळी लावा. नाहीतर एका रात्रीत सगळा अझोला नाल्यात वाहून जाईल आणि रोवणीच्या तोंडावर बियाणं शोधत फिरावं लागेल.