‘लक्ष्मीपुरी’ची तुटलेली अक्षरं

आमच्या कोल्हापुरातल्या गुळाच्या दुकानात लेबलवर ‘लक्ष्मीपुरी’ या पेठेच्या नावाऐवजी `लक्ष्�` छापून येत होतं. आधी फॉन्टवर संशय घेतला, पण चूक छाटण्यात होती. पेठेच्या रकान्याला १६ बाइटची मर्यादा होती. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, हलंतसुद्धा. ल, क, ्, ष, ् मिळून १५ झाले आणि ‘म’चा एकच बाइट आत आला. तोच `�`.

अर्धवट बाइट टाकला तरी ‘लक्ष्’ उरतं, म्हणून लोंबकळणारं जोडाक्षरही काढलं:

```python
s = b[:16].decode("utf-8", "ignore")
s = re.sub(r"(?:[क-ह]्)+$", "", s)
```

आता नुसतं ‘ल’ उरलं. पत्ता त्यानं कळेना, शेवटी रकाना ६० बाइटचा केला. ‘लक्ष्मीपुरी’ला ३३ लागतात. मात्र ‘मी’ची वेलांटी कापली गेली, तर ‘लक्ष्म’ राहतं आणि हा कोड ते पकडत नाही.