श्लोक श्रुतीतला की स्मृतीतला? या चुका टाळा

‘न हन्यते हन्यमाने शरीरे.’ हा चरण कुणी म्हटला की बहुतेकांना गीता आठवते, आणि लगेच ‘वेदांत सांगितलंय’ असंही म्हटलं जातं. इथेच दोन चुका एकमेकींत गुंततात. श्रुती म्हणजे वेद आणि त्यांचाच भाग असलेली उपनिषदं; स्मृती म्हणजे त्यांच्या आधारानं ऋषींनी रचलेले ग्रंथ. परंपरेत श्रुतीचा अधिकार वरचा.

गीता महाभारतातली, म्हणून परंपरेत ती स्मृती. तिच्या अध्यायांच्या शेवटी ‘श्रीमद्भगवद्गीतासूपनिषत्सु’ असं येतं, त्यामुळे ती श्रुतीच आहे असं अनेकांना वाटतं. तो तिचा गौरव आहे, वर्गीकरण नव्हे. ब्रह्मसूत्रांतल्या ‘अपि च स्मर्यते’ (२.३.४५) या सूत्रावर शंकराचार्य गीतेचंच वचन देतात. ‘स्मर्यते’ म्हणजे स्मृतीत सांगितलं आहे.

आता तो चरण शोधून पाहू. गीता २.२० ची सुरुवात ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ अशी आहे. कठोपनिषदात (१.२.१८) मात्र ‘न जायते म्रियते वा विपश्चित्’ असं आहे. पुढची ओळ, ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो न हन्यते हन्यमाने शरीरे’, दोन्हीकडे सारखीच. कठोपनिषद कृष्णयजुर्वेदाचं, म्हणून श्रुती. म्हणजे नुसती दुसरी ओळ हाती आली तर ती कुठली हे ठरवता येणार नाही. ‘कदाचित्’ की ‘विपश्चित्’ हे आधी पाहावं लागेल. छंदावरून किंवा भाषेच्या जुनेपणावरून अंदाज बांधू नका. ग्रंथ, अध्याय आणि क्रमांक मिळाल्याशिवाय दर्जा ठरवू नये.

नावात ‘उपनिषद’ दिसलं की काम संपलं, असंही नाही. ‘वसुधैव कुटुम्बकम्’ महोपनिषदात (६.७१) आहे आणि हितोपदेशातही आहे. महोपनिषद १०८ उपनिषदांच्या यादीत येतं, पण शंकराचार्यांनी भाष्य केलेल्या उपनिषदांत नाही. वजन सांगताना हा फरक बोलून दाखवावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘स्मृती आहे ना, मग सोडून द्या’. मीमांसासूत्रांत जैमिनीचं सूत्र (१.३.३) असं आहे: ‘विरोधे त्वनपेक्षं स्यादसति ह्यनुमानम्’. श्रुतीशी विरोध असेल तर स्मृतिवचन बाजूला ठेवा; नसेल तर त्यामागे आज न सापडणारं वेदवचन असावं असं अनुमान करा. या सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांचं उदाहरण यज्ञमंडपातल्या औदुंबरी खांबाचं आहे. श्रुती म्हणते, खांबाला स्पर्श करून सामगान करावं. स्मृती म्हणते, खांब सगळा वस्त्रानं गुंडाळावा. पूर्ण गुंडाळला तर स्पर्श कसा होणार? इथे विरोध उघड आहे, म्हणून स्मृती मागे पडते. त्या वस्त्राच्या लोभानं कुणीतरी हा नियम काढला असावा, असंही शबरस्वामी स्पष्ट लिहितात.

म्हणून स्मृतीतला श्लोक समोर आला की आधी विचारा: तो नेमक्या कोणत्या श्रुतिवचनाच्या आड येतो? ते वचन दाखवता येत नसेल, तर केवळ स्मृती म्हणून तो श्लोक फेटाळता येत नाही.