एसओपीतली नक्कल पकडतात कशी, आणि आपलं लेखन आपलंच कसं ठेवायचं

एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम आपल्याला का करायचा आहे हे सांगणारं प्रवेशाच्या अर्जातलं स्टेटमेंट, त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती टक्के साम्य चालतं?" प्रश्नच चुकीचा आहे, आणि त्याला ठोकून एक आकडा सांगणारे सल्लागार तर त्याहून चुकीचे. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मजकुराची चोरी शोधत नाही. ते सारखा मजकूर शोधतं आणि अधोरेखित करून देतं. चोरी आहे की नाही, हे तो अहवाल वाचणारा माणूस ठरवतो.

तपासणीचं काम साधारण असं चालतं. तुमच्या मजकुरातली विरामचिन्हं बाजूला काढली जातात, मग त्याचे सलग शब्दांचे छोटे छोटे गट पाडले जातात. समजा, पाच शब्दांचा एक गट. पहिला ते पाचवा शब्द हा पहिला गट, दुसरा ते सहावा हा दुसरा, असे गट एकमेकांवर चढत जातात. हे गट साठ्यातल्या गटांशी ताडून पाहिले जातात. साठ्यात संकेतस्थळं असतात, प्रकाशित लेखन असतं आणि, उमेदवार नेमकं हेच विसरतात, आधीच्या वर्षांतले अर्जही असतात. ब्रिटनमधल्या पदवी प्रवेशाचे अर्ज हाताळणारी युकास ही संस्था प्रत्येक स्टेटमेंट जुन्या स्टेटमेंटांशी ताडते. साम्य जास्त आढळलं की विद्यापीठांना कळवलं जातं, आणि पुढे काय करायचं ते विद्यापीठ ठरवतं.

याच संस्थेने 2007 मध्ये सुमारे 50,000 स्टेटमेंटं तपासली, तेव्हा 234 अर्जदारांनी एकच आठवण सांगितलेली निघाली: लहानपणी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं. एवढे पायजमे जळाले नव्हते, हे उघड आहे. इंटरनेटवरच्या एका नमुन्यातून ती आठवण सगळ्यांनी उचलली होती.

आता पायऱ्या. नमुने वाचायचे असतील तर लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी वाचा आणि बंद करा. अभ्यासक्रमाचं पान समोर ठेवा, शब्दमर्यादा बघून घ्या. याहून जास्त तयारीची गरज नाही.

खरी अडचण पुढे येते. नमुना शेजारी उघडा ठेवून "आपल्या शब्दांत" लिहिणं, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मी ठामपणे वाईट मानतो. सुरुवातीला मीही याच टप्प्यावर अडायचो, कारण शब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा नमुन्याचाच राहतो.

उदाहरण घेऊ. नमुन्यातलं वाक्य: "लहानपणापासूनच मला मानवी शरीर कसे चालते याचे प्रचंड कुतूहल होते." शब्द दहा, म्हणजे पाच-पाच शब्दांचे गट सहा. उमेदवार "प्रचंड" काढून "अपार" घालतो. हा आठवा शब्द सहापैकी तीनच गटांत येतो, त्यामुळे उरलेले तीन गट जसेच्या तसे जुळतात आणि पहिले सात शब्द सलग रंगतात. मग तो "मानवी शरीर"च्या जागी "माणसाचे शरीर" करतो. आता पाच शब्दांचा एकही गट जुळत नाही आणि त्याला वाटतं, सुटलो. पण गटाची लांबी किती ठेवायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, तुम्ही नाही. "शरीर कसे चालते याचे" हे चार शब्द अजून सलग उभे आहेत, आणि मधला एखादा बदललेला शब्द ओलांडून दोन्हीकडचे तुकडे जोडणं सॉफ्टवेअरला जड जात नाही. शिवाय अहवाल उघडणाऱ्याला दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी दिसतात. दहापैकी आठ शब्द त्याच क्रमाने आलेले पाहून त्याला आणखी काही तपासावं लागत नाही. आधी नुसतं साम्य होतं, आता लपवण्याचा प्रयत्नही दिसतो.

अक्षरं बदलून तशीच दिसणारी दुसऱ्या लिपीतली अक्षरं टाकणं, पांढऱ्या रंगात मजकूर दडवणं, हे उद्योग तर करूच नका. टर्निटिनसारखी साम्य तपासणारी प्रणाली अशी अक्षरं आणि असा दडवलेला मजकूर वेगळी खूण करून दाखवते.

मग लिहायचं कसं? वाक्यांपासून नाही, तपशिलांपासून सुरुवात करा. कोऱ्या कागदावर फक्त घडलेल्या गोष्टी लिहा, तुटक-तुटक, व्याकरणाची पर्वा न करता. फिजिओथेरपीला अर्ज करणारी एखादी मुलगी असं लिहील: "आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन. व्यायाम मी करून घ्यायचे. जिना चढताना ठीक, उतरताना दुखायचं. का? उलटं असायला हवं ना? थेरपिस्टला विचारलं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो."

आता यातून वाक्य करा: "आजीला जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं हे लक्षात आलं, तेव्हा मला ते उलटं वाटलं. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच वजन सांभाळतो, हे थेरपिस्टने समजावलं, आणि त्यानंतर मी लोकांची चाल बघू लागले." कुतूहल हा शब्द कुठेही नाही, तरी कुतूहल दिसतं. असं वाक्य साठ्यात सापडणं जवळजवळ अशक्य, कारण ते दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून निघालेलं नाही. आणि हो, आजीची गोष्ट खरी असेल तरच. बनवलेला प्रसंग सॉफ्टवेअरला सापडणार नाही, पण मुलाखतीत "थेरपिस्टने आणखी काय सांगितलं?" एवढ्या एका प्रश्नात तो कोसळतो.

मसुदा झाला की माझी एकच चाचणी असते: प्रत्येक वाक्याखाली दुसऱ्या एखाद्या अर्जदाराची सही चालेल का? "मला लोकांना मदत करायला आवडते" याखाली कोणाचीही चालेल. असं वाक्य उडवा, नाहीतर त्यात घडलेलं काहीतरी आणा.

अहवाल हातात आला तर वरची टक्केवारी आधी झाकून ठेवा. टक्केवारी म्हणजे फक्त जुळलेल्या शब्दांचं एकूण शब्दांशी प्रमाण. 600 शब्दांच्या स्टेटमेंटात 12 टक्के म्हणजे 72 शब्द. हे शब्द अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठाचं नाव, "संशोधन प्रकल्पाचा भाग म्हणून" अशा रुळलेल्या तुकड्यांत विखुरलेले असतील, तर त्यात काहीच वावगं नाही. तेच 72 शब्द एका सलग परिच्छेदात असतील तर तोच आकडा गंभीर आहे. म्हणून सगळ्यात लांब सलग पट्टा शोधा आणि तो कोणत्या स्रोताशी जुळतो ते पाहा. स्रोत एखाद्याचं स्टेटमेंट असेल तर त्या परिच्छेदाची डागडुजी करत बसू नका. तो पूर्ण काढा आणि पुन्हा तपशिलांच्या कागदाकडे जा.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिक उमेदवारालाही अडकवतात. पहिली, फुकट तपासून देणाऱ्या अनोळखी साइटवर मसुदा चढवणं. तुमचा मजकूर तिथे साठवला जाणार नाही याची खात्री नसते, आणि तो कुठे साठवला किंवा प्रसिद्ध झाला तर पुढे तुमचंच लेखन तुमच्याशी जुळू लागतं. कॉलेजच्या खात्यातून तपासून घेत असाल तर मजकूर साठ्यात जमा होणार नाही, अशी सेटिंग आहे ना, हे आधी विचारा. दुसरी, मैत्रीखातर आपली फाइल "नुसती बघायला" देणं. त्याने दोन परिच्छेद उचलून तुमच्याआधी अर्ज भरला, तर साठ्यात आधी त्याचा मजकूर जातो आणि खूण तुमच्या अर्जावर येते. मूळ कोणाचं हे सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून तारखांसह जुने मसुदे आणि तो तपशिलांचा कागद निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. मित्राला मदत करायची असेल तर त्याच्यासोबत बसून त्याच्या तपशिलांचा कागद भरून घ्या, फाइल देऊ नका.