लहान मुलांना व्हॅन्को लावताना या चुका टाळा

बेळगाव भागात मुलांच्या वॉर्डात ड्युटी करून बरीच वर्षं झाली, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची पोरं येतात आणि व्हॅन्कोमायसिनच्या त्याच त्याच चुका दर बॅचच्या नवीन नर्स मुलींकडून बघते. सगळ्यात मोठी चूक घाईची, म्हणून आधी तीच सांगते.

खानापूरकडचं एक पोरगं होतं, वजन 12 किलो, मांडीच्या हाडात इन्फेक्शन, कल्चरला एमआरएसए आलेला. किडनी चांगली होती म्हणून डॉक्टरांनी किलोला 15 मिलिग्रॅम दर सहा तासांनी लिहिलं, म्हणजे एका डोसला 180. 500 ची व्हायल 10 एमएल स्टराइल वॉटरमध्ये विरघळवली की एका एमएलमध्ये 50 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याला 3.6 एमएल घ्यायचं आणि सलाइन घालून एकूण 40 एमएल करायचं. एमएलला 5 मिलिग्रॅमपेक्षा घट्ट ठेवायचं नाही, हे 4.5 होतं. मग कमीत कमी एक तास चालवायचं. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेटला 60 थेंबांचा एक एमएल, म्हणून तासाला 40 एमएल म्हणजे मिनिटाला 40 थेंब, घड्याळ समोर धरून मोजायचे.

तिसऱ्या डोसला नाइटच्या मुलीनं रोलर पूर्ण सोडला, कारण पाठोपाठ दुसरं अँटिबायोटिक त्याच लाइनमधून द्यायचं होतं. पंधरा मिनिटांत बुरेट रिकामी झाली, आणि आई पळत आली, "सिस्टर, पोरगं लाल व्हायलंय की!" तोंड, मान, छाती लालबुंद, पोरगं खाजवून रडतंय, बीपी पण खाली आलेलं. नळीत राहिलेलं लगेच बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी अँटिहिस्टामिन आणि सलाइन दिलं आणि अर्ध्या तासात लाली उतरली. औषध जोरात गेलं की शरीरातल्या मास्ट सेलमधून हिस्टामिन सुटतं, म्हणून असं होतं. याला पूर्वी रेड मॅन सिंड्रोम म्हणायचे, आता इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन म्हणतात.

सकाळी बघते तर फाइलवर लाल पेनानं 'व्हॅन्को ॲलर्जी'. मला याचाच जास्त राग आला, कारण एवढ्यावर त्या पोराचं कामाचं औषध जन्मभरासाठी बंद झालं असतं. डॉक्टरांशी बोलून ते खोडलं, पुढचा डोस दोन तासांत चालवला, मिनिटाला 20 थेंब, आणि काही झालं नाही. पण घरघर लागली, ओठ सुजले, श्वास अडकला तर ती खरी ॲनाफिलॅक्सिस समजा, तिथं मांडीत ॲड्रेनलिन लागतं, नुसता वेग कमी करून भागत नाही. आणि डोस संपल्यावर नळीत राहिलेलं औषध फ्लशनं जोरात ढकलू नका, तेही त्याच संथ वेगानं जाऊ द्या. एक तास थांबायला जमत नसेल तर हे औषध हातात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे ट्रफ. ट्रफ म्हणजे पुढच्या डोसच्या अगदी आधीची, औषधाची रक्तातली सगळ्यात खालची लेव्हल, साधारण चौथ्या डोसच्या अर्धा तास आधी सँपल काढायचं. एका पोराला पहाटे 6 चा डोस 7 ला संपला आणि 7 ला लॅबचा मुलगा आला म्हणून लगेच सँपल दिलं, तेही सलाइन चालू असलेल्या हातातूनच. रिपोर्ट आला 34. डॉक्टरांना वाटलं ट्रफ एवढी जास्त, त्यांनी डोसमधलं अंतर 12 तास केलं, आणि दोन दिवसांत पोराचा ताप परत चढला. मग दुसऱ्या हातातून, वेळ बघून सँपल घेतलं तर ट्रफ फक्त 6. आमच्याकडे साधारण 10 ते 15 ठेवतात, 2020 च्या गाइडलाइनमध्ये ट्रफऐवजी एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं ते, 400 ते 600 बघायला सांगितलंय, पण कशानंही मोजा, डोस किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला आणि सँपल किती वाजता काढलं हे नसेल तर तो आकडा वाचताच येत नाही. मी तिन्ही वेळा सँपलच्या चिठ्ठीवरच लिहिते.

वजन आईनं सांगितलेलं घेऊ नका, आपल्या काट्यावर करा.

अमिकासिन किंवा पिपरासिलिन-टॅझो सोबत चालू असेल तर लघवी मोजा, क्रिएटिनिन वाढलं किंवा लघवी कमी झाली तर पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

महिन्याच्या आतल्या बाळांना वरचा हिशोब अजिबात लावू नका, त्यांच्या डोसमधलं अंतर गर्भापासून धरून किती आठवड्यांचं बाळ आणि जन्मून किती दिवस झाले यावर ठरतं.