प्रिंट-इन-प्लेस बिजागरी जाम होते? गॅपच्या या चुका टाळा

3D प्रिंटरवर डब्याचं झाकण बिजागरीसकट एकाच वेळी छापलं, बेडवरून काढलं आणि उघडायला गेलं की हलतच नाही. जोर लावला तर खिटी तुटते. बिजागरीच्या दोन भागांमधला गॅप तर 0.4 मिमी ठेवला होता, आणि हीच फाइल मागच्या वेळी नीट चालली होती. अशा वेळी आधी बघायचं ते लेयर हाइट, म्हणजे एका थराची जाडी, बदलली का, हे.

अशा बिजागरीत बहुतेकदा एका भागावर 45 अंशांचा शंकू असतो आणि समोरच्या भागात तशीच शंकूच्या आकाराची खाच. बिजागरी बेडवर आडवी छापली जाते. शंकूच्या खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक नवा थर आधीच्या थरापेक्षा खाचेच्या दिशेने थोडा पुढे सरकतो. उतार 45 अंशांचा असल्याने हे सरकणं बरोबर लेयर हाइटइतकं असतं. म्हणजे एकाच थरात बघितलं तर शंकू आणि खाच यांच्यात 0.4 मिमी जागा असते, पण वरच्या थरातला शंकू आणि खालच्या थरातली खाच यांच्यात आडवं अंतर उरतं ते गॅप वजा लेयर हाइट. वरच्या अर्ध्या भागात हेच उलट होतं, तिथे खाच शंकूवर झुकते.

0.2 च्या थराला 0.4 मधून 0.2 मिमी उरतात. वेळ वाचवायला थर 0.3 केला की उरतो फक्त 0.1. अधांतरी पडणारी प्लास्टिकची रेघ थंड होईपर्यंत जराशी लोंबते आणि एवढीशी जागा ती सहज भरून काढते. म्हणून गॅप वजा लेयर हाइट हे उत्तर 0.2 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. मॉडेल 70 टक्क्यांवर आणून छापलं तरी हाच घोळ होतो: 0.4 चा गॅप 0.28 होतो, थर मात्र 0.2 चाच राहतो, आणि हातात उरतात 0.08. छोटी बिजागरी हवी असेल तर मूळ फाइलमध्ये गॅप पुन्हा 0.4 करा, किंवा थर 0.08 वर आणून बघा.

शंकूऐवजी सरळ आडवे पृष्ठभाग एकमेकांवर असतील तर गणित वेगळं. उभ्या दिशेचा गॅप पूर्ण थरांतच मिळतो. 0.2 च्या थराला 0.3 चा गॅप काढला तर स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, एक थर रिकामा ठेवेल किंवा दोन. स्लायसर साधारणपणे थराच्या मध्यावर छेद घेतो, म्हणजे 4.9, 5.1, 5.3 मिमी उंचीवर. गॅप 4.95 ते 5.25 असेल तर त्यात फक्त 5.1 चा छेद येतो आणि 0.2 मिळतात. तोच गॅप 5.05 ते 5.35 असेल तर दोन छेद येतात आणि 0.4 मिळतात. एकाच डब्याची एक बिजागरी घट्ट आणि दुसरी ढिली निघते, ती अशी. उभा गॅप थराच्या पटीतच काढा, आणि त्याची सुरुवातही थराच्या सीमेवरच ठेवा. प्रीव्ह्यूमध्ये थर एकेक करून सरकवले की रिकामे थर मोजता येतात.

नोझलबद्दल एक गैरसमज पक्का आहे: गॅप नोझलपेक्षा लहान चालत नाही. गॅपमध्ये नोझलला काही छापायचं नसतं, त्यामुळे 0.4 च्या नोझलने 0.3 चा आडवा गॅपही सुटा निघतो. नोझल मोठं केलं की अडचण दुसरीकडून येते. रेघ रुंद होते, कोपरे जास्त गोल होतात, रेघ जिथे सुरू होऊन संपते तिथली गाठ मोठी होते आणि शंकूचं टोक बोथट होतं. 0.6 चं नोझल आणि 0.3 चा थर असेल तर 0.5 ते 0.6 च्या गॅपपासून सुरुवात करा. ती गाठ, म्हणजे सीम, गॅपमध्ये येऊ देऊ नका. सीम पेंटिंगने ती बिजागरीच्या बाहेरच्या बाजूला न्या. गॅपच्या आत सपोर्टही नको.

कुठे चिकटलंय हे हाताला कळतं. पूर्ण थंड झाल्यावर हळूच हलवून बघा. एकदा ‘कट्’ आवाज होऊन मग मोकळी फिरली, तर बहुधा पहिला थर बेडवर पसरून दोन भाग जोडले गेले होते. खालून बघितलं तर गॅपची रेष पुसलेली दिसते. त्यासाठी प्रुसास्लायसरमध्ये `Elephant foot compensation` 0.2 ठेवा, क्युरामध्ये `Initial Layer Horizontal Expansion` -0.2. ब्रिम लावला असेल तर तो बिजागरीपाशी काढून टाका. खालची रेष स्वच्छ आहे आणि तरी बिजागरी ढिम्म हलत नाही, तर बहुधा आतला शंकू चिकटलाय. मग पंख्याचा वेग वाढवा, थर पातळ करा किंवा गॅप 0.05 ने वाढवा, पण एका वेळी एकच बदल. त्यासाठी अख्खा डबा छापू नका. फक्त बिजागरीचा तुकडा कापून घ्या आणि 0.3, 0.4, 0.5 असे तीन गॅप शेजारी शेजारी, ज्या फिलामेंटने डबा छापायचा आहे त्याच फिलामेंटने छापून बघा. पीईटीजी तारा सोडतं, त्यामुळे पीएलएवर जमलेला गॅप त्याला कमी पडू शकतो.