काजूचा डेक मराठीत आणताना

गोव्यातल्या वाळपईत काजू बागायतदारांसमोर मी मराठीत आणलेला पहिला डेक लावला. पाचव्या स्लाइडवर मागच्या रांगेतल्या एका काकींनी विचारलं, "खाली लोंबणारी फळं आधी काढायची? आम्ही तर बोंडू गळून पडल्यावर बी वेचतो."

मूळ इंग्रजी शीर्षक होतं ‘लो-हँगिंग फ्रूट’, म्हणजे कमी कष्टात उरकणारी कामं. मी ते शब्दशः उतरवलं होतं, आणि तेही झाडाच्या फळांवरच्या डेकमध्ये! त्या रात्री बसून शीर्षक केलं, ‘याच हंगामात होणारी तीन कामं’. बदली वाक्प्रचार शोधायचा मोह मी टाळला. स्लाइडवर वाचणाऱ्याला दोन-तीन सेकंदच मिळतात, तिथे साधं वाक्य बरं.

पारिभाषिक शब्दांनी याहून जास्त छळलं. ‘टी मॉस्किटो बग’चं मी चक्क ‘चहा डास’ केलं होतं. ती कीड डास नव्हे, कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषणारा ढेकूण आहे. कोकणातले बागायतदार त्याला ढेकण्या म्हणतात. खोड पोखरणारी अळी म्हणजे रोठा. आता मी भाषांतराला हात घालण्याआधी डेकमधले दहा-पंधरा शब्द वेगळे काढते आणि दोन बागायतदारांना फोटो पाठवून विचारते, "याला तुम्ही काय म्हणता?" इंग्रजी नाव सांगत नाही, नाहीतर तेच परत ऐकू येतं. आमच्याकडे घरात कोंकणी आणि हातात मराठी पेपर, त्यामुळे ‘काढणीपश्चात व्यवस्थापन’ लोक वाचतात, पण बोलत नाहीत. स्लाइडवर मी ‘बी वाळवणं आणि साठवणं’ लिहिते.

मांडणीचं दुखणं मला तीन फवारण्यांच्या स्लाइडवर कळलं. इंग्रजीत तीन उभे रकाने होते: पालवी, मोहोर, फळधारणा. पहिल्या रकान्यात मी लिहिलं, ‘नवपालवी अवस्थेतील प्रथम फवारणी’. मराठीत शब्द कमी लागतात, पण प्रत्यय चिकटून एकेक शब्द लांब होतो, आणि अरुंद रकान्यात तो मावत नाही. पॉवरपॉइंटने मग गुपचूप अक्षर बारीक केलं, तेही प्रत्येक चौकटीत वेगळं: एकीत २४, दुसरीत १८, तिसरीत १५. लॅपटॉपवर हे जाणवत नाही, मागच्या रांगेला जाणवतं. ओळखायचं कसं? एकेका चौकटीत क्लिक करून आकडा बघायचा. मी सुरुवातीलाच सगळीकडे `Do not Autofit` करून टाकते, म्हणजे मजकूर बाहेर सांडतो आणि कुठे कापायचं ते दिसतं.

इथे नुसतं कापून भागलं नाही. रकाने मोडून तीन आडव्या पट्ट्या केल्या, डावीकडे फोटो आणि उजवीकडे पूर्ण ओळ: ‘नवी पालवी फुटली की पहिली फवारणी’. मराठी वाक्याचा भार शेवटी येतो, म्हणून त्याला आडवी जागा हवी. उरलेला तपशील बोलायच्या टिपणांत गेला.

टेम्पलेटमधलं ओळींतलं अंतर ०.९ होतं. त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. मी १.१ ते १.२ ठेवते. शीर्षकातली अक्षरं विरळ करायची इंग्रजी हौसही सोडावी लागते, कारण शिरोरेषा तुटते. आणि आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा जोर द्यायचा तर ठळक अक्षर किंवा रंग.

फॉन्टबद्दल एकच: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर हॉलच्या संगणकावर अगम्य खुणा होऊन उघडतो. शंका आली की एक ओळ कॉपी करून स्वतःला मेसेज करा. फोनवर मराठी दिसली नाही तर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून तपासा, नाहीतर नव्याने टाइप करा. युनिकोड असला तरी फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करा आणि सोबत पीडीएफ ठेवा.

आकडेसुद्धा भाषांतरात येतात, हे मला उशिरा सुचलं. मूळ स्लाइड म्हणत होती, सात बाय सात मीटर अंतर, हेक्टरी सुमारे २०० झाडं. गोव्यात लोक जमीन चौरस मीटरमध्ये सांगतात. मी लिहिलं, ‘एका झाडाला ४९ चौरस मीटर’. पुढच्या वेळी त्याच काकी पहिल्या रांगेत होत्या. स्लाइड लागताच बोटं मोजून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दोन हजारांत चाळीस. आणि मी साठ लावून बसलेय!"