‘माझी फी माफ करावी’ एवढंच लिहिलं आणि तीन आठवडे गेले

परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा मेसेज आला, “ताई, प्राचार्यांना फीचा अर्ज लिहून दे ना.” एवढंच. कुठली फी, किती, घरी काय झालंय, काहीच नाही. मी त्याला रागावले नाही, कारण दुसऱ्या वर्षाला असताना मी स्वतः अगदी असाच अर्ज दिला होता.

मी बीएस्सी कॉम्प्युटरला, विनाअनुदानित तुकडीत होते. जुलैत पप्पांच्या टेम्पोला अपघात झाला, पायात रॉड घातला, कमाई थांबली. झेरॉक्सच्या दुकानातून तयार नमुना आणला आणि लिहिलं, “घरची परिस्थिती हलाखीची असल्याने माझी फी माफ करावी, ही नम्र विनंती.” तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीने दोनच शब्द होते : ‘कोणती? किती?’ तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आठवड्यावर आली होती.

आपण ‘फी’ म्हणतो ती एक रक्कम नसतेच. माझ्या पावतीवर एकूण 23,100 रुपये होते. त्यात शिकवणी शुल्क 16,000, प्रयोगशाळा 4,000, परीक्षा 1,900, ग्रंथालय-जिमखाना 900 आणि विमा-ओळखपत्र वगैरे 300. यातली परीक्षा फी विद्यापीठाला जाते, तिथे प्राचार्यांचा हात चालत नाही. शिकवणी शुल्कात सूट द्यायची तर विनाअनुदानित तुकडीत बहुतेक वेळा संस्थेला विचारावं लागतं. प्राचार्यांच्या हातात सहसा दोनच गोष्टी असतात : हप्ते पाडून देणं आणि विद्यार्थी सहाय्य निधीतून काही रक्कम देणं. सगळीच ‘फी माफ करा’ म्हटलं, की त्यांना सही कुठे करायची तेच कळत नाही. नाही म्हणण्यापेक्षा अर्ज फाइलीत ठेवणं सोपं पडतं.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. तहसील कार्यालयाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो. माझ्या दाखल्यात पप्पांची टेम्पो चालू असतानाची कमाई होती, म्हणजे कागदावर आम्ही बरे होतो. अपघात त्यात दिसणारच नव्हता. ‘हलाखी’ हा शब्द कितीदाही लिहा, तारीख आणि डिस्चार्ज कार्ड जोडल्याशिवाय त्याला वजन येत नाही.

शेवटी मला वाट दाखवली ती ऑफिसातल्या हेडक्लार्क मॅडमनी. माझं स्पष्ट मत आहे, या कामात सरांपेक्षा क्लार्कला आधी भेटा. कुठल्या निधीत पैसे आहेत आणि समितीची बैठक कधी आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि नगरसेवकाची चिठ्ठी आणू नका. माझ्या वर्गातल्या एकाने आणली, त्यालाही शेवटी पावत्या द्याव्याच लागल्या.

दुसऱ्या अर्जाचा मजकूर असा होता :

“विषय : थकीत शुल्कापैकी काही रक्कम विद्यार्थी सहाय्य निधीतून मिळणे व उर्वरित रकमेचे हप्ते मिळणेबाबत.

माझे या वर्षीचे एकूण शुल्क रु. 23,100 असून प्रवेशावेळी रु. 8,000 भरले आहेत. रु. 15,100 बाकी आहेत. माझे वडील टेम्पोचालक असून जुलैमध्ये झालेल्या अपघातापासून त्यांचे काम बंद आहे. घरात दुसरे कमावते कोणी नाही. परीक्षा शुल्क रु. 1,900 मी आज भरत आहे. उरलेल्या रकमेपैकी शक्य तेवढी मदत निधीतून मिळावी व बाकीचे तीन हप्ते करून मिळावेत. तोपर्यंत परीक्षेचा फॉर्म स्वीकारावा.”

खाली वर्ग, हजेरी क्रमांक आणि मागच्या वर्षीचे गुण लिहिले, सोबत पावती, डिस्चार्ज कार्ड आणि दाखला जोडला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांकही लिहा, केला नसेल तर कारण लिहा. हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो, आणि तिथे अडखळलात तर बाकीचं खरं असूनही संशय येतो.

निधीतून 5,000 मिळाले. परीक्षा फी भरलेलीच होती, राहिलेल्या 8,200 चे तीन हप्ते झाले. पूर्ण माफी मिळाली नाही, पण परीक्षेला बसले. तुमच्या कॉलेजात आकडे वेगळे असतील, कदाचित निधीच नसेल. तेव्हा निदान हप्ते मागा, ते बहुधा मिळतात. घाबरून अर्ज द्यायचंच टाळू नका, मी त्या तीन आठवड्यांत चौकशीलाही गेले नाही, ती माझी खरी चूक.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मागून घ्या. मॅडमनी तो मारून दिला होता, म्हणूनच पुढे लेट फी लागली तेव्हा मी तारीख दाखवू शकले.

त्या मुलाला मी उलट चार प्रश्न पाठवलेत : एकूण किती, भरले किती, घरी काय आणि कधीपासून, कागद कोणते आहेत? आज संध्याकाळी तो पावत्या घेऊन येणार आहे, मग लिहायला बसू.